दवाखान्याच्या पाटीवरची वेळ

"दहा मिनिटांनी काय बिघडतं?" हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. एकाने एकाला भेटायचं असेल तर हिशेब खरोखर दहा मिनिटांचाच असतो. पण एका माणसाची वाट चोवीस जण बघत असतील, तर त्याच दहा मिनिटांचे चार तास होतात. हे चार तास चोवीस घरांतून थोडे थोडे गेलेले असतात, म्हणून कुणाच्याच डोळ्यावर येत नाहीत. उशीर मोजायचा तर वाट बघणारी माणसंही मोजावी लागतात.

हे नीट समजून घ्यायचं असेल तर दवाखान्यासारखी दुसरी जागा नाही. तिथे आपण सगळेच बसलेलो असतो, आणि तिथला वेळ कागदावर मांडून बघता येतो. संध्याकाळच्या ओपीडीची पाटी असते: 'सायं. ५ ते ९'. समजा, डॉक्टर रोज चोवीस पेशंट तपासतात आणि प्रत्येकाला सरासरी दहा मिनिटं देतात. चोवीस दाहे दोनशे चाळीस, म्हणजे बरोबर चार तास. काम आणि वेळ अगदी जुळलेले आहेत. मग बाकावर जागा का मिळत नाही, लोक जिन्यात का उभे असतात?

पहिलं कारण असं की, फोनवर वेळ विचारली की सगळ्यांना एकच उत्तर मिळतं: "पाचला या." चोवीस जण पाच वाजता येतात. पहिला लगेच आत जातो, दुसरा दहा मिनिटं थांबतो, तिसरा वीस, आणि चोविसाव्याला तीन तास पन्नास मिनिटं बसावं लागतं. सरासरी काढली तर दर माणशी एकशे पंधरा मिनिटं, म्हणजे जवळजवळ दोन तास. सगळ्यांची मिळून बेरीज होते शेहेचाळीस तास. लक्षात घ्या, अजून कुणालाही उशीर झालेला नाही. डॉक्टर पाचच्या ठोक्याला खुर्चीत आहेत, पेशंटही वेळेवर आलेत. तरीही शेहेचाळीस तास गेले, कारण बोलावतानाच सगळ्यांना एकदम बोलावलं.

आता डॉक्टर पाच चाळीसला आले असं धरू. हा काही फार मोठा उशीर नव्हे, बऱ्याच ठिकाणी रोजचाच आहे. पण पहिल्यापासून चोविसाव्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस मिनिटं जास्तीची येतात. चोवीस गुणिले चाळीस, म्हणजे सोळा तास. दवाखाना नऊऐवजी नऊ चाळीसला बंद होतो. शेवटचा पेशंट पाचपासून साडेचार तास बसलेला असतो. कंपाउंडर आणि रिसेप्शनवरची मुलगीही चाळीस मिनिटं उशिरा घरी जातात. एकूण थांबण्याचे झाले बासष्ट तास.

हा उशीर बहुतेक वेळा मस्तीतून येत नाही, हेही सांगायला हवं. सकाळची शस्त्रक्रियांची यादी लांबते, दुपारी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये राउंड असतो, तिथला एखादा नातेवाईक जिन्यात गाठतो, रस्त्यात वाहतूक तुंबलेली असते. दवाखान्यात शिरताच दोन एमआर बॅगा घेऊन उभे असतात आणि "पाचच मिनिटं, सर" म्हणतात. यातलं काहीही अचानक घडलेलं नसतं. राउंड काल होता, परवाही असेल. एमआर दर आठवड्याला येतात. ज्या दिवसात एकही मिनिट मोकळं ठेवलेलं नाही, त्या दिवसात सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत वाहत येतो आणि शेवटी ज्याला जाब विचारता येत नाही त्याच्या अंगावर पडतो.

मोकळ्या वेळाचं महत्त्व किती, तेही आकड्यांत बघू. त्याच चार तासांत चोवीसऐवजी वीस जणांना बोलावलं, दर बारा मिनिटांनी एक असं, आणि तपासायला मात्र दहाच मिनिटं लागतात असं धरा. त्या दिवशी डॉक्टर चाळीस मिनिटं उशिरा आले, तर पहिला पेशंट चाळीस मिनिटं थांबेल, दुसरा अडतीस, तिसरा छत्तीस, आणि विसावा फक्त दोन मिनिटं. सगळ्यांचं थांबणं मिळून सात तास. भरगच्च यादीत प्रत्येकाला वेगळी वेळ दिली असती तरी तेवढ्याच उशिराचे सोळा तास झाले असते, कारण तिथे उशीर भरून निघायला फटच नसते. चार पेशंट कमी घेणं कुठल्याही डॉक्टरला सोपं नाही, गर्दीच्या गावात तर नाहीच. पण भरगच्च यादी आणि रोजचा उशीर हे दोन्ही एकत्र चालवायचं असेल, तर त्याची किंमत बाकावर बसलेले लोक देत असतात.

"डॉक्टरांचा वेळ मोलाचा आहे, ते रिकामे बसता कामा नयेत," असं सगळ्यांना एकदम बोलावण्याचं समर्थन केलं जातं. त्यात तथ्य आहे. डॉक्टर दहा मिनिटं रिकामे बसले तर एक माणूस तपासायचा राहतो. पण हे मोल किती लावायचं? समजा, सगळ्यांना पाचला बोलावल्यामुळे संध्याकाळभरात डॉक्टरांची वीस मिनिटं वाचली. त्यासाठी पेशंटची दोन हजार सातशे साठ मिनिटं खर्ची पडली. म्हणजे डॉक्टरांचं एक मिनिट पेशंटच्या एकशे अडतीस मिनिटांच्या बरोबरीचं धरलं गेलं. असा भाव कुणी मुद्दाम ठरवलेला नसतो. पण रोज व्यवहार त्याच भावाने होतो.

या प्रश्नाचा पहिला पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमध्ये झाला. १९४८ साली तिथे सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि हॉस्पिटलांच्या बाह्यरुग्ण विभागांतल्या रांगा हा चर्चेचा विषय झाला. नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने १९५२ साली या रांगांचं गणित मांडलं आणि त्याच वर्षी वेल्च यांच्यासोबत 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात डॉक्टरांना समजेल अशा भाषेत लिहिलं. त्यांनी दाखवलेली अडचण साधी आहे. सरासरी दहा मिनिटं म्हणजे प्रत्येकाला दहा मिनिटं नव्हेत. कुणी रिपोर्ट दाखवून चार मिनिटांत बाहेर येतो, कुणाला वीस मिनिटं लागतात. आधीच्या पेशंटला वीस मिनिटं लागली की पुढच्या सगळ्यांची वेळ दहा मिनिटांनी सरकते. पण एखादा चार मिनिटांत आटोपला आणि पुढचा अजून आलेलाच नसला, तर वाचलेली सहा मिनिटं कुणाच्याच कामी येत नाहीत. उशीर पुढे पुढे जातो. वाचलेला वेळ मात्र जागीच संपतो.

यावर बेलींनी सुचवलेला उपाय आजही अभ्यासला जातो. सुरुवातीच्या वेळेला दोन पेशंट बोलवायचे, आणि त्यानंतर तपासणीच्या सरासरी वेळेइतक्या अंतराने एकेक. म्हणजे पाचला दोघे, पाच दहाला तिसरा, पाच वीसला चौथा. एक आत असतो, साधारण एक बाहेर तयार असतो. एखादा लवकर सुटला तर डॉक्टर रिकामे राहत नाहीत, आणि बाहेरच्याचं थांबणं साधारणपणे मिनिटांत राहतं, तासांवर जात नाही. डॉक्टरांचं मोलही राखलं जातं आणि पेशंटचंही. मात्र डॉक्टर स्वतः पाचला हजर हवेत. तेच चाळीस मिनिटं उशिरा आले तर कितीही हुशारीने आखलेलं वेळापत्रक पहिल्या पेशंटपाशीच मोडतं.

आपल्याकडे इतकं काटेकोर जमणार नाही, हे मी मान्य करते. लोक वीस-तीस किलोमीटरवरून एसटीने येतात, आणि पाच दहाला एसटी नसते. पण त्याहून ढोबळ पद्धतही पुष्कळ काम करते. चोवीस जणांचे चार गट करायचे. सहा जणांना पाचला, सहा जणांना सहाला, मग सातला आणि आठला. प्रत्येक गटातला पहिला लगेच आत जातो, शेवटचा पन्नास मिनिटं थांबतो, सरासरी पंचवीस मिनिटं पडते. चोवीस जणांचं एकूण थांबणं दहा तास. सगळ्यांना पाचला बोलावलं तेव्हा ते शेहेचाळीस होतं. यासाठी संगणक लागत नाही. फोन घेणाऱ्या माणसासमोर चार रकान्यांची वही असली तरी पुरे. बाहेरगावच्या लोकांना त्यांच्या गाडीप्रमाणे पहिल्या दोन रकान्यांत घालता येतं आणि गावातल्यांना नंतरच्या.

बाहेरगावच्या लोकांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नातेवाइकांसोबत बसले होते, तेव्हा शेजारी एक बाई होत्या. सुनेला दाखवायला आणलं होतं. सुनेच्या मांडीवर फाइल, पिशवीत भाकरीचं फडकं, पाण्याची बाटली. पाटीवर पाच होते, सहा वाजून गेले तरी डॉक्टर आले नव्हते. त्या दर थोड्या वेळाने उठून काउंटरवर जायच्या आणि विचारायच्या, "ताई, यायलेत का डॉक्टर?" प्रत्येक वेळी उत्तर एकच, "येतीलच आता." त्यांच्या गावची शेवटची गाडी साडेसातला होती. सातला डॉक्टर आले तेव्हा यांच्यापुढे नऊ नंबर होते. पुढच्या दोघांना त्यांनी हात जोडून विचारलं, पण त्यांचीही दुखणी होतीच. सव्वासातला त्या सुनेला घेऊन स्टँडकडे निघाल्या. दोघींची त्या दिवसाची रोजंदारी बुडाली होती, तिकिटाचे पैसे गेले होते, आणि उद्या पुन्हा यायचं होतं.

डॉक्टर आत आले तेव्हा त्यांनी बाकांकडे पाहिलंही नाही. मला वाटतं, त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त लागलं ते हेच. उशीर समजून घ्यायला तिथे बसलेले सगळे तयार होते. एक वाक्य पुरलं असतं. साडेपाचला काउंटरवरून कुणी सांगितलं असतं, "डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, सातच्या आधी येणार नाहीत, ज्यांची गाडी आहे त्यांना उद्या सकाळी पहिला नंबर देते," तर त्या बाई सहाच्या गाडीने परत गेल्या असत्या आणि उद्याच्या पहिल्या नंबरची खात्री घेऊन गेल्या असत्या. "येतीलच आता" हे उत्तर देणाऱ्या मुलीचाही दोष नव्हता. तिला कुणी काही कळवलंच नव्हतं.

न कळवता थांबवणं जास्त का जाचतं, यावरही विचार झालेला आहे. डेव्हिड मेस्टर या अमेरिकेतल्या अभ्यासकाने १९८५ साली रांगेत थांबणाऱ्यांच्या मनाविषयी लिहिताना काही निरीक्षणं मांडली. किती वेळ थांबायचं ते ठाऊक असलं तर थांबणं सोसतं. ठाऊक नसलं तर तोच वेळ लांबलचक वाटतो. कारण सांगितलेलं थांबणं कारण न सांगितलेल्या थांबण्यापेक्षा हलकं असतं. आणि आपल्यामागून आलेला आधी आत गेला की थांबण्याला अन्यायाची धार येते. आपल्या दवाखान्यांत या तिन्ही गोष्टी रोज दिसतात. "अजून दीड तास लागेल" असं स्पष्ट सांगितलं तर माणूस चहा घेऊन येतो, औषधं आणतो, पोराला शिकवणीतून घेऊन येतो. "बसा, येतीलच" म्हटलं की तो बाकाला खिळतो, कारण उठला तर नंबर जाईल. वेळ तेवढाच जातो, पण पहिल्या उत्तरात तो वेळ त्याच्या हातात राहतो आणि दुसऱ्यात जात नाही.

कोण कुणाला थांबवतो, हे बघण्यासारखं असतं. बॅरी श्वार्ट्झ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं रांगा आणि थांबण्याविषयीचं पुस्तक १९७५ साली आलं. थांबण्याची वाटणी समाजातल्या सत्तेच्या वाटणीप्रमाणे होते, असं त्यांचं प्रतिपादन आहे. ज्याच्यावाचून आपलं अडतं, तो आपल्याला थांबवू शकतो. साहेबाच्या केबिनबाहेर कारकून थांबतो, कारकुनाच्या टेबलासमोर शेतकरी थांबतो. तेच डॉक्टर विमान पकडायचं असलं की वेळेवर पोचतात, मंत्र्याने बोलावलं तर पाच मिनिटं आधी पोचतात. म्हणजे वेळ पाळता येते. कुणासाठी पाळायची, हे आपण ठरवत असतो, बहुधा नकळत. म्हणूनच सवयीच्या उशिराला मी आदरातली कसूर म्हणते. कसूर लहान आहे, गुन्हा नव्हे. पण ती खालच्या बाजूलाच होत राहते, हे नजरेआड करता येत नाही.

मोठेपणाने यात सूट मिळत नाही, असं मानणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. १९१७ साली गोध्र्याला गुजरात राजकीय परिषद भरली होती. लोकमान्य टिळक तिथे अर्धा तास उशिरा पोचले. गांधीजींनी त्यांचं स्वागत केलं, पण स्वराज्य अर्ध्या तासाने लांबलं तर त्याची जबाबदारी लोकमान्यांवर राहील, असं भर सभेत बोलून दाखवल्याची आठवण सांगितली जाते. टिळक तेव्हा देशाचे पुढारी होते, वयाने आणि मानाने मोठे होते. तरी वाट बघत बसलेल्यांच्या वतीने कुणीतरी बोललं.

आता पेशंटची बाजू. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. सहाची वेळ घेऊन सातला येणारे आणि "माझी सहाची अपॉइंटमेंट होती" म्हणून थेट दाराशी उभे राहणारे लोक प्रत्येक दवाखान्यात असतात. काही जण दोन दवाखान्यांत नंबर लावून ठेवतात आणि जिथे आधी लागेल तिथे जातात. दुसरीकडे कळवतही नाहीत. उशिरा आलेल्यासाठी डॉक्टर थांबले, तर मागच्या सगळ्यांची वेळ सरकते. न थांबता पुढच्याला घेतलं, तर कुणाचंच नुकसान होत नाही, आणि उशिरा आलेला त्याच्या गटाच्या शेवटी जातो. हा नियम सगळ्यांना सारखा लावला तर त्यावर भांडण होत नाही, असं अनेक रिसेप्शनिस्ट सांगतात. ओळखीच्या माणसाला मधून घेतलं की मात्र भांडण ठरलेलं.

यातला खरा गुंता असा की, दोन्ही बाजूंचा उशीर एकमेकांना पोसतो. डॉक्टर पाच चाळीसला येतात हे माहीत झालं की जुने पेशंट साडेपाचला निघतात. पेशंट उशिरा येतात हे दिसलं की डॉक्टर म्हणतात, पाचला जाऊन करायचं काय? या सगळ्यात फसतो तो पहिल्यांदा आलेला माणूस, ज्याने पाटी वाचली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. सार्वजनिक कार्यक्रमांतही हेच होतं. सहाला सुरू करायचं म्हणून पत्रिकेत साडेपाच छापतात, लोक साडेसहाला येतात, आणि साडेपाचला आलेले चार-पाच जण रिकाम्या खुर्च्यांत बसून सतरंज्या घालणाऱ्यांकडे बघत राहतात. वेळेवर येणाऱ्यालाच शिक्षा झाली की पुढच्या खेपेला तोही उशिरा येतो.

खरी तातडी आणि सवय यांत फरक कसा करायचा? प्रसूतीची केस अडली, अपघाताचा रुग्ण आला, तर डॉक्टरांनी तिकडेच असायला हवं, आणि बाकावर बसलेल्यांनाही तेच वाटतं. पण तातडी रोज त्याच वेळेला येत नाही. कुणीही दोन आठवडे वहीत लिहून बघावं: पहिला पेशंट प्रत्यक्ष किती वाजता आत गेला. बारा दिवसांपैकी दोन दिवस तासाभराचा उशीर आणि बाकी दिवस वेळेवर, असं दिसलं तर ती तातडी. बारापैकी दहा दिवस पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं असं दिसलं, तर ओपीडी सुरू होण्याची खरी वेळ पाच चाळीस आहे आणि पाटी चुकीची आहे. अशा वेळी डॉक्टरांना धावपळ करून पाचला यायला सांगण्याचीही गरज नाही. पाटीवर 'सायं. ५.४५ ते ९.४५' लिहावं, एवढ्याने चोवीस जणांचे सोळा तास वाचतात. रंगाऱ्याचं अर्ध्या तासाचं काम आहे.

तुम्ही डॉक्टर असाल, वकील असाल, शाळेत पालकांना बोलावणारे शिक्षक असाल, सोसायटीची सभा घेणारे सेक्रेटरी असाल, तर ही दोन आठवड्यांची नोंद एकदा ठेवून बघा. आणि बाकावर बसणारे असाल, तर घरातून निघण्याआधी दवाखान्यात फोन करून दोन गोष्टी नम्रपणे विचारा: डॉक्टर आले का, आणि आता कितवा नंबर चालू आहे? तुम्हालाच जमणार नसेल, तर तेही त्याच फोनवर सांगा. तुमची वेळ बाहेरगावाहून आलेल्या एखाद्याला देता येईल.